फरशीखालच्या मालाचा हिशेब: आधी जाडी मोजा, मग सिमेंट सांगा

निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगाव शहर, कुठेही घराचं फरशीकाम निघालं की पहिला प्रश्न एकच असतो: सिमेंट किती पोती आणि वाळू किती? गवंडी खोलीवर एक नजर टाकतो, 'एक इंच माल धरा' म्हणतो आणि त्यावर दुकानात ऑर्डर जाते. खोली चौरस फुटांत बरोबर मोजलेली असते आणि मालातलं सिमेंट-वाळूचं प्रमाणही १:४ असं ठामपणे सांगितलेलं असतं. जाडी मात्र कुणीच मोजत नाही. हिशेबातली मोठी चूक तिथे होते. ती चूक नंतर सिमेंट कमी पडण्यात दिसते, आणि सिमेंट कमी पडलं की प्रमाण गुपचूप पातळ होतं.

या लेखात १४ × १२ फुटांचा एक हॉल घेऊन पूर्ण हिशेब केला आहे. टाइल ६०० × ६०० मिमीची, १० मिमी जाडीची. खाली आरसीसी स्लॅब आहे. तळमजला असेल तर काय बदलतं ते पुढे येईल.

जाडी कशी मोजायची

तयार फरशीची पातळी आधी ठरवा. ती मुख्य दरवाजाची चौकट, शेजारच्या खोलीची फरशी आणि बाल्कनीचा उंबरठा यांवर अवलंबून असते. मालाची जाडी आधी ठरवून पातळी काढायला गेलात तर दरवाजे तासावे लागतील. पातळी पक्की झाली की पाण्याच्या लेव्हल नळीने चारही भिंतींवर तयार फरशीपासून बरोबर १००० मिमी वर रेघ मारा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहा. लेझर लेव्हल असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

आता खोलीचे मनातल्या मनात नऊ सारखे भाग करा: लांबीत तीन, रुंदीत तीन. प्रत्येक भागाच्या मध्यावर, रेघेच्या उंचीवर ताणलेल्या दोरीपासून किंवा लेझरच्या रेषेपासून खाली स्लॅबपर्यंत टेपने मोजा. भिंतीला चिकटून मोजू नका. कडेची मापं घेऊन सरळ सरासरी काढली तर कडेच्या उंचवट्यांना नको तेवढं वजन मिळतं. भागाच्या मध्यावर मोजलं तर साधी सरासरी चालते.

आपल्या हॉलची मापं अशी आली, मिमीमध्ये: १०४२, १०४६, १०५१, १०४०, १०४८, १०५५, १०३८, १०४५, १०५०. बेरीज ९४१५ आणि सरासरी १०४६. यातून रेघेची उंची १००० आणि टाइलची जाडी १० वजा केली की मालाची सरासरी जाडी ३६ मिमी उरते. गवंड्याच्या भाषेत ती दीड इंचाला एक सूत कमी आहे. 'एक इंच' म्हणजे २५ मिमी. फरक ११ मिमीचा आहे आणि तो डोळ्याला अजिबात दिसत नाही.

सरासरीबरोबर सर्वांत कमी जाडीही पाहा. १०३८ च्या ठिकाणी माल २८ मिमी बसतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड फरशीखाली १:४ प्रमाणाचा २० मिमी माल धरलेला आहे. म्हणजे कुठेही २० च्या खाली जात नाही, हे ठीक. मात्र मोजलेल्या नऊ जागांच्या मध्ये एखादा उंचवटा लपलेला असू शकतो. म्हणून लांब सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी स्लॅबवर फिरवून घ्या. २० च्या खाली जाणारी जागा सापडली तर छिन्नीने छाटा किंवा पातळी थोडी वर घ्या.

उलट, कुठे जाडी ५० मिमीच्या वर जात असेल तर तो खड्डा मालाने भरू नये. आधी बारीक खडीच्या काँक्रीटने, म्हणजे कोब्याने, भरून दोन-तीन दिवस मुरवा आणि त्यावर माल घ्या. जाड माल सुकताना जास्त आकसतो आणि धुमसतानाही एकसारखा दाबला जात नाही, खाली पोकळ राहतो.

घनफळ आणि कोरडा माल

१४ × १२ म्हणजे १६८ चौरस फूट, मेट्रिकमध्ये १५.६१ चौरस मीटर. जाडी ०.०३६ मीटर.

तयार माल = १५.६१ × ०.०३६ = ०.५६२ घनमीटर

हे तयार, दाबलेल्या मालाचं घनफळ झालं. सिमेंट आणि वाळू वेगवेगळी कोरडी मोजली तर घनफळ जास्त भरतं, कारण वाळूच्या कणांमधल्या पोकळीत सिमेंट आणि पाणी जाऊन बसतं. म्हणून तयार घनफळाला १.३३ ने गुणतात.

कोरडा माल = ०.५६२ × १.३३ = ०.७४७ घनमीटर

१.३३ हा काही निसर्गनियम नाही. १:४ मालासाठी तो व्यवस्थित बसतो: एक घनमीटर मालाला ३८३ किलो सिमेंट येतं आणि दरविश्लेषणात ३८० धरतात. १:६ ला मात्र या गुणकाने सुमारे २७४ किलो येतं, तर दरविश्लेषण २५० धरतं. पातळ प्रमाणात सिमेंट वाळूच्या पोकळीतच मावतं, म्हणून १.३३ थोडा जास्त पडतो. घरच्या कामात ही चूक सोयीच्या बाजूने आहे, तिच्या मागे लागू नका.

सिमेंटची पोती

१:४ म्हणजे एकूण पाच भाग. सिमेंटचा एक भाग ०.७४७ ÷ ५ = ०.१४९ घनमीटर. सैल सिमेंटची घनता १४४० किलो प्रति घनमीटर धरतात, म्हणजे २१५ किलो, ४.३ पोती. वाळूचे चार भाग ०.५९८ घनमीटर, सुमारे २१ घनफूट.

१:६ ला सात भाग. सिमेंट १५४ किलो म्हणजे ३.१ पोती, वाळू ०.६४ घनमीटर.

आता 'एक इंच धरा' हा सल्ला ऐकून १:४ साठीच ऑर्डर दिली असती तर काय झालं असतं ते पाहा. २५ मिमीला सिमेंट लागतं १५० किलो, म्हणजे बरोबर तीन पोती. साइटवर तीन पोती आली, पण जागा ३६ मिमीची निघाली. तेवढ्याच सिमेंटमध्ये सगळी खोली भरायची झाली तर उरलेलं घनफळ वाळूनेच भरणार. हिशेब करून पाहा, प्रमाण १:६.२ येतं. म्हणजे मालक १:४ चे पैसे मोजतो, गवंडीही तसंच सांगतो आणि खाली १:६ बसतो. त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. जाडी न मोजल्याचा हा सरळ परिणाम आहे.

लक्षात ठेवायला सोपं माप हे: या हॉलमध्ये सरासरी जाडी १ मिमीने वाढली की १:४ मालाला ६ किलो सिमेंट जास्त लागतं.

याशिवाय दोन ठिकाणी सिमेंट जातं आणि ते बहुतेक वेळा हिशेबातून सुटतं. टाइलखाली ओतायच्या सिमेंट-पाण्याच्या स्लरीला दरसूचीप्रमाणे चौरस मीटरला ३.३ किलो, म्हणजे ५२ किलो. आणि माल टाकण्याआधी स्लॅबवर झाडूने फिरवायच्या स्लरीला साधारण २ किलो चौरस मीटर धरा, म्हणजे ३१ किलो. मालात ५ टक्के सांडणं-वाया जाणं धरून १:४ ची बेरीज २२६ + ५२ + ३१ = ३०९ किलो होते. सात पोती आणा. सातव्यातलं उरलेलं स्कर्टिंगला जाईल.

१:६ ने हेच २४५ किलोच्या आसपास येतं. बचत एका पोत्याहून थोडी जास्त. एवढ्यासाठी अख्ख्या हॉलची पकड कमी करणं आम्हाला पटत नाही. १:६ चा उपयोग जाड थरात, जड दगडी फरशीखाली, शहाबादी किंवा कडप्प्यासारख्या, होतो. तिथे फरशीचा स्वतःचा भार आणि तिची खडबडीत पाठ कामी येते.

वाळू: ओली की कोरडी, ब्रास की टन

वरचं ०.५९८ घनमीटर हे कोरड्या वाळूचं माप आहे. साइटवर वाळू कोरडी नसते, खानापूर-बेळगावकडे जून ते सप्टेंबर तर नक्कीच नसते. दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत साइटवरची वाळू न दाबता १५ सेंमीपर्यंत भरा. मग ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. वाळू १२.५ सेंमीवर आली तर फुगवटा २.५ ÷ १२.५ म्हणजे २० टक्के.

याचा अर्थ एका मापी सिमेंटला चार मापं नाही तर ४.८ मापं वाळू घालायची. चारच घातली तर माल १:३.३ इतका श्रीमंत होतो, सिमेंट लवकर संपतं आणि थर आकसून बारीक भेगा येतात. म्हणजे पावसाळ्यात प्रमाण उलट्या बाजूला चुकतं.

खरेदीला ५ टक्के नासधूस धरून कोरडी ०.६३ घनमीटर, आणि २० टक्के फुगवटा धरून ०.७५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणून पाव ब्रासहून थोडी जास्त. आता अनेक ठिकाणी एम-सँड टनावर मिळते. घनमीटरला साधारण १.६ टन धरलं तर एक टनाच्या थोडं वर सांगावं लागतं. टनाने घेतल्यावर फुगवट्याचा हिशेब लागत नाही, पण वजनातलं पाणी तुमच्या पैशांतून जातं.

कोणती एम-सँड तेही सांगा. गिलाव्यासाठी विकली जाणारी पी-सँड फरशीखाली नको, ती फार बारीक असते. पाणी जास्त खाते आणि सुकताना थर चिरतो. ४.७५ मिमीच्या चाळणीतून जाणारी, हातात करकरीत लागणारी एम-सँड हवी. क्रशर डस्ट तर मुळीच नको. नदीची वाळू असेल तर काचेच्या बरणीत पाण्यात हलवून तासभर ठेवा. वर बसलेल्या मातीच्या थराची उंची वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती धुऊनच वापरा.

माप आणि कालवणं

घमेल्यावर मोजू नका. प्रत्येक घमेलं वेगळं, त्यावर शीग काढणारा हात वेगळा. ३५ × २५ × ४० सेंमीचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करा. त्यात ३५ लिटर मावतात, म्हणजे एका पोत्यातल्या सिमेंटचं घनफळ. एक पोतं सिमेंट आणि २० टक्के फुगलेल्या वाळूचे ४.८ फर्मे. अर्ध्या पोत्याला २.४.

एका वेळी किती कालवायचं? अर्ध्या पोत्याचा १:४ माल ०.०६५ घनमीटर होतो. ३६ मिमी जाडीला तो १.८ चौरस मीटर पुरतो, म्हणजे ६०० मिमीच्या पाच टाइल. एका गवंड्याने घाई न करता तेवढ्याच कराव्यात. पूर्ण पोतं कालवलं तर दहा टाइलांचा माल पडून राहतो, मग त्यावर पाण्याचा तांब्या मारून पुन्हा ढवळला जातो. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घातलं की आत जुळू लागलेली पकड मोडते आणि ती परत येत नाही. पाणी घातल्यापासून तासाच्या आत माल संपवा. अथणीकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर अर्ध्या-पाऊण तासाची मर्यादा धरा.

आधी कोरडं कालवा, रंग एकसारखा होईपर्यंत, मगच पाणी. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, बोटांतून पाणी निथळू नये, इतकंच. ओला माल सहज पसरतो म्हणून गवंड्यांना तो आवडतो, पण जास्तीचं पाणी बाहेर पडताना थर खाली बसतो आणि टाइल तरंगती राहते.

माल टाकण्यापासून टाइल बसेपर्यंत

स्लॅबवरचा गिलाव्याचा सांडलेला माल, रंगाचे डाग, धूळ छिन्नी-झाडूने काढा. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, माल टाकताना स्लॅब ओलसर असावा पण वर पाणी साचलेलं नसावं. कोरडा स्लॅब मालातलं पाणी ओढतो आणि थर खालून भुसभुशीत राहतो.

रेघेवरून मापून चार-पाच फुटांवर मालाचे ठिय्ये द्या, वर टाइलचा तुकडा ठेवून नेमकी पातळी आणा. स्लॅबवर स्लरी फिरवा आणि ती ओली असतानाच माल टाका. सुमारे चार-पाच मिमी जास्त उंच पसरा, धुमसने किंवा रंध्याने ठोकून दाबा, पट्टीने ठिय्यांवर ओढा. टाइल ठेवून दाबून पाहा. माल कुठे उंच, कुठे खड्डा ते टाइल उचलल्यावर ठशावरून कळतं. खड्ड्यात माल टाका, उंचवटा खरवडा.

मग मधासारखी दाट स्लरी ओता, टाइलच्या पूर्ण पाठीवर पसरेल अशी. एका वेळी दोन-तीन टाइलांपुरतीच, कारण वरून सुकल्यावर ती पावडर होते आणि पकड देत नाही. अनेक ठिकाणी स्लरीऐवजी कोरडं सिमेंट भुरभुरून वर पाणी शिंपडतात. ते टाळा. कोरडं सिमेंट काही ठिकाणी गोळा होतं, काही ठिकाणी ओलंही होत नाही आणि पोकळ टाइलांचं मोठं कारण हेच असतं.

व्हिट्रिफाइड टाइलच्या पाठीवर कारखान्यातली पांढरी पावडर असते, ओल्या फडक्याने पुसून घ्या. ही टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून सिमेंटची पकड तिच्यात घुसत नाही. ६०० मिमीपर्यंत स्लरीवर काम निभावतं. त्याहून मोठ्या टाइलांना मालाचा थर आधी मारून वरून टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरा. अ‍ॅडेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे, पोत्यावर ते आणि प्रकार छापलेला असतो.

भिंतीलगत ८-१० मिमी फट मालानेही भरू नका, ती स्कर्टिंगखाली झाकते. फट न ठेवता फरशी भिंतीला घट्ट दाबून बसवली तर उन्हाळ्यात टाइल फुगतात, दोन टाइल एकमेकींना ढकलून तंबूसारख्या वर येतात. घरमालक तेव्हा गवंड्याला 'माल कमी घातलास' म्हणतो. कारण बहुतेक वेळा फटीत असतं.

तळमजला आणि बाथरूम

तळमजल्यावर काळी माती असेल, निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात ती पुष्कळ आहे, तर मालाच्या हिशेबाआधी खालची जमीन पाहा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मालाचं प्रमाण कितीही चांगलं ठेवलं तरी तिला काही धरून ठेवता येत नाही. माती पुरेशी काढून मुरूम थराथराने पाणी मारून धुमसा, त्यावर सोलिंग, मग कोबा. खानापूरच्या जांभ्याच्या जमिनीत हा त्रास कमी असतो. तिथे पावसाळ्यात खालून येणारी ओल पाहावी लागते.

बाथरूमची जाडी मोजताना उताराची सरासरी घ्या. ७ × ५ फुटांच्या बाथरूमला कोपऱ्यातल्या जाळीकडे ८० ला १ असा उतार दिला तर लांबीत २७ मिमी आणि रुंदीत १९ मिमी चढ येतो. जाळीपाशी २० मिमी माल धरला तर सपाट तिरक्या थराची सरासरी २० + १३.५ + ९.५, म्हणजे ४३ मिमीच्या आसपास. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाडी ६६ मिमी होते, म्हणून तिथे आधी कोब्याने उतार काढा आणि वर २०-२५ चा एकसारखा माल घ्या.

काम झाल्यावर काय तपासायचं

चोवीस तास कुणी चालू नये, मग सात दिवस पाणी. सांधे त्यानंतर भरा. आठवड्याने लाकडी दांड्याने प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध ठोका. टणक आवाज आला तर ठीक, ढबढब आली तर खडूने खूण करा. फक्त एका कोपऱ्यात ढबढब असेल आणि त्या जागी जड सामान येणार नसेल तर तशीच ठेवता येईल. मधोमध पोकळ असेल किंवा सलग तीन-चार टाइलांवर असेल तर त्या काढा, आणि काढलेल्या टाइलची पाठ पाहा. पाठ कोरी आणि स्लरी खालीच राहिली असेल तर पावडर किंवा सुकलेली स्लरी हे कारण. पाठीला स्लरी चिकटली आहे पण खाली माल बोटाने चुरतो, तर प्रमाण पातळ होतं किंवा पाणी कमी पडलं. माल टणक आहे पण तो पूर्णच स्लॅबवरून सुटला असेल तर स्लॅब धूळभरला होता. दुसऱ्या कारणात फक्त ती टाइल बदलून भागत नाही, त्याच दिवशी कालवलेल्या सगळ्या टाइला ठोकून पाहाव्या लागतात.